केबलमध्ये तांबे नसावे

तो मेल लिहायला मला नऊ दिवस लागले. मजकूर दीड पानाचा, विषय साधा : फायबर जोडणीसाठी दरपत्रक मिळण्याबाबत. पाठवणारी मी, रत्नागिरीतल्या एका लहान दवाखान्याची व्यवस्थापक. घेणारी कोल्हापूरची एक कंपनी, जिने त्याच वर्षी आमच्या शहरात खांबांवरून फायबर टाकायला सुरुवात केली होती. इतक्या साध्या पत्राला नऊ दिवस का लागावेत, असे डॉक्टरांनी मला विचारले होते.

“काय मॅनेजरबाई, मेल लिहिताय की पंचांग?”

मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण असे होते की, लिहायला बसले की माझे हात गार पडत.

हे दोन हजार सालानंतरच्या सात-आठ वर्षांतले. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी घरी परतले होते. पुण्याला रुग्णालय-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करायचा, त्यासाठी दोन वर्षांचा अनुभव हवा, म्हणून ही नोकरी धरली होती. दवाखाना बारा खाटांचा. डॉक्टर स्वतः शल्यचिकित्सक. त्यांनी हिंमत करून एक जुने सीटी स्कॅन यंत्र आणले होते. पण त्यातल्या प्रतिमा वाचणारा रेडिऑलॉजिस्ट शहरात रोज मिळत नव्हता. म्हणून आम्ही प्रतिमा इंटरनेटवरून पुण्याच्या एका रेडिऑलॉजिस्टांकडे पाठवत असू आणि ते अहवाल मेलने कळवत. ही व्यवस्था मी बसवली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

तिचा कमकुवत दुवा कोणता, हेही मला आकड्यांत ठाऊक होते. टेलिफोनच्या तारेवरून येणारे आमचे ब्रॉडबँड प्रतिमा उतरवून घ्यायला बरे होते, वर पाठवायला मात्र अतिशय मंद. वर जाण्याचा वेग सेकंदाला दोनशे छप्पन्न किलोबिट. डोक्याच्या एका तपासणीच्या प्रतिमा साधारण दीडशे मेगाबाइट. भागाकार केला की सव्वा तासाहून अधिक वेळ निघतो, आणि तोही मध्ये काही तुटले नाही तर.

तुटत असे, कारण आमच्याकडे एक रीत होती. कोकणात वैशाखाच्या उत्तरार्धात आणि पुन्हा आश्विनात, दुपार कलली की आभाळ भरून येते आणि विजा पडतात. जांभ्याचा कातळ, उंचावरची घरे, लांबलांब ओढलेल्या तारा. दरवर्षी कुणाचा तरी टीव्ही जळतो, कुणाचा फोन. त्यामुळे पहिला गडगडाट ऐकला की घरोघरी कुणीतरी उठते आणि तारा काढून ठेवते. दवाखान्यात हे काम मावशींचे. मावशी संगमेश्वरकडच्या एका खेड्यातल्या. दवाखाना सुरू झाला त्या दिवसापासून तिथे होत्या. डॉक्टर सोडले तर त्यांच्याइतके जुने कुणी नव्हते. झाडलोट, उपकरणे उकळणे, रुग्णांच्या नातेवाइकांना दटावणे आणि गडगडले की मोडेममधून टेलिफोनची तार उपसणे, हे सारे त्या विनातक्रार करत. मोडेम आणि त्याच तारेवरचा टेलिफोन सीटीच्या संगणकाशेजारी खिडकीखाली होते आणि मावशींचे स्टूलही तिथेच.

मे महिन्यातल्या त्या दुपारी हातखंब्याजवळ आंब्याच्या ट्रकवरून पडलेला एक हमाल आणला गेला. शुद्धीवर होता, पण उलट्या होत होत्या आणि तो तेच तेच बोलत होता. डॉक्टरांनी स्कॅन केला. त्यांना एका ठिकाणी रक्तस्राव वाटत होता, खात्री नव्हती. पुण्याचे उत्तर आले की ठरवायचे : इथे ठेवायचा की आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवायचा. मी प्रतिमा पाठवायला सुरुवात केली. पडद्यावरची पट्टी सत्तरपर्यंत पोचली तेव्हा पूर्णगडच्या दिशेने गडगडले.

मावशी उठल्या. मी त्यांच्याकडे न पाहताच म्हणाले, “मावशी, थांबा. वीस मिनिटं.”

“ताई, गडगडतंय हां.”

“लांब आहे. मोजलंय मी. आवाजाला चौदा सेकंद लागले. पाचेक किलोमीटर आहे.”

“मोजा तुमी. तार काय मोजून जळते?”

पण त्या थांबल्या. माझ्या शब्दाला त्यांनी मान दिला आणि स्टुलावर टेकल्या. पट्टी चौऱ्याऐंशीवर होती. दुसऱ्या आवाजाला नऊ सेकंद. तिसरा मी मोजला नाही, कारण माझे लक्ष पडद्यावर होते. नव्वद. एक्याण्णव. तेवढ्यात खिडकी पांढरी झाली. आवाज आणि उजेड यांत मोजण्यासारखे अंतर नव्हते. मावशींनी, बहुधा त्याच्या क्षणभर आधीच, न राहवून तारेला हात घातला होता.

मी फटकन आवाज ऐकला. मावशी स्टुलासकट मागे पडल्या होत्या, उजवा हात छातीशी आवळलेला, डोळे उघडे. मोडेममधून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. त्या बोलत नव्हत्या. मी त्यांच्या नाकासमोर हात धरला आणि मला काहीच जाणवेना. मी डॉक्टरांना हाक मारली. माझ्या हाकेने, म्हणे, ओपीडीतली माणसे उभी राहिली.

मावशी वाचल्या. हृदयाचा आलेख काढला, तो नीट होता. संध्याकाळपर्यंत त्या बोलू लागल्या. उजव्या हाताची तीन बोटे बधिर राहिली. हमालाला अहवालाशिवायच कोल्हापूरला नेले. तिथे शस्त्रक्रिया झाली आणि तोही वाचला. कुणाचेच काही गेले नाही, असे सगळे म्हणाले. मावशींनी घरी सांगितले, “माजाच हात आगाव.” मी ‘थांबा’ म्हणाले होते, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

मी या प्रसंगाचा हिशेब पुष्कळदा मांडला. त्यांनी पहिल्या गडगडाटाला तार काढली असती, तर काहीही झाले नसते. अखेरपर्यंत तारेला हात लावला नसता, तर मोडेम जळला असता, माणूस नाही. धोका होता तो मधल्या काळात आणि तो काळ मी निर्माण केला होता. प्रयोगशाळेत अशा चुकीला नाव असते, तिची नोंद होते. इथे ती फक्त मला माहीत होती. मी खिडकीखालचे स्टूल हलवले. मावशींनी ते पुन्हा जागेवर ठेवले, कारण तिथे वारा लागायचा.

डॉक्टरांनी नवा मोडेम आणला आणि तार काढायची रीत पूर्ववत सुरू झाली. मावशी आता डाव्या हाताने काढत. ते पाहवत नसे. “मी काढते,” असे मी म्हणाले की त्या विचारत, “मग मी कशासाठी हाय?” एकदा मी त्यांच्या आधी पोचावे म्हणून ओपीडीतून धावले आणि एका पेशंटच्या डब्यावर आदळले. रुग्ण आले की प्रतिमा पाठवायच्याच होत्या आणि आश्विन यायला चार महिने उरले होते.

याच काळात फायबरची जाहिरात आली. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो. काच वीज वाहून नेत नाही. मला वाटले, सुटले. वेग आणि भीती, दोन्ही प्रश्नांचे एकच उत्तर. म्हणूनच मेलला नऊ दिवस लागले. त्यात एकही गरज अस्पष्ट राहू नये, हे पाहणे मला भागच होते.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते : “जोडणी विजेपासून सुरक्षित असावी.” ते खोडले. विक्रेता त्याला ‘होय’ म्हणेल आणि आपण काय विचारले, त्याने काय कबूल केले, हे कुणालाच कळणार नाही. ज्याची पडताळणी करता येत नाही ती मागणी नव्हे, इच्छा आहे. मग मी एकेक मुद्दा तपासता येईल असा केला. मूळ मेल इंग्रजीत होता. त्याचा सारांश असा की, वेग दोन्ही दिशांना सारखा, सेकंदाला दोन मेगाबिट असावा आणि वर जाण्याचा वेग दरपत्रकात वेगळा नमूद करावा. दीडशे मेगाबाइटची एक तपासणी पंधरा मिनिटांच्या आत पुण्याला पोचली पाहिजे; जोडणी ताब्यात घेण्यापूर्वी आम्ही तशी चाचणी घेऊ. बिघाड झाल्यास चार तासांत माणूस यावा, त्याचा दूरध्वनी क्रमांक कळवावा. आमच्या बाजूचे उपकरण यूपीएसवर चालावे; त्याला किती वीज लागते ते लिहावे. एकदाचा खर्च, मासिक भाडे आणि कर वेगवेगळे दाखवावेत. खांबांवरून केबल कुठून कशी येईल त्याचा नकाशा जोडावा. नवरात्रापूर्वी काम पूर्ण व्हावे.

शिवाय दोन मुद्दे होते, ज्यांच्यावर पुढचे सगळे अवलंबून राहिले. चौथा : रस्त्याकडेच्या माडांची झावळी पडून केबल तुटू नये यासाठी ती पुरेशी भक्कम असावी आणि तिला स्वतंत्र आधार असावा. हा मुद्दा मला आमच्या इलेक्ट्रिशियनने सुचवला होता. टीव्हीच्या केबली झावळ्यांनी तुटतात हे तो रोज पाहत होता. आणि सातवा : इमारतीत येणाऱ्या केबलमध्ये तांबे नसावे.

सातवा मुद्दा लिहून झाल्यावर मला इतके हलके वाटले की मी मेल लगेच पाठवला.

दरपत्रक बारा दिवसांनी आले. तीन पानांचे, नीटनेटके. माझ्या प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर होते, हे पाहून मला आनंद झाला. बहुतेक विक्रेते फक्त रक्कम पाठवत. वेग : मान्य. चाचणी : मान्य. दुरुस्ती : चार तास, क्रमांक दिलेला. चौथ्या मुद्द्यासमोर लिहिले होते, “इंग्रजी आठसारख्या छेदाची केबल, पोलादी आधारतारेसह.” सातव्यासमोर, “तांबे नाही.” मी पेन्सिलीने एकेका ओळीवर बरोबरची खूण केली. चौथ्यावर केली, सातव्यावर केली. डॉक्टरांनी सही केली.

इथे मी थांबते, कारण या दोन खुणांचे स्पष्टीकरण मला आजही नीट देता येत नाही. पोलाद वीज वाहून नेते, हे सातवीतल्या मुलाला विचारले तरी तो सांगेल. मी तर त्याच विषयात पदवी घेतली होती. पण मला जाळले होते तांब्याने. टेलिफोनची ती बारीक लालसर तार मला डोळे मिटले की दिसे. म्हणून मी तांब्याला मज्जाव केला आणि धोका हद्दपार झाला असे समजले. भीतीने मला काळजीपूर्वक लिहायला लावले, पण नजर एकाच जागी खिळवून ठेवली.

काम भाद्रपद संपता संपता सुरू झाले. कंपनीने सावर्ड्याचा एक तंत्रज्ञ पाठवला, चाळिशीचा, बोलका. त्याचा मदतनीस खांबावर चढे आणि हा खालून सूचना देई. केबल जमिनीतून न नेता खांबांवरून का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तुमचा जांभा खणायला लागलो तर पुढच्या शिमग्याला जोडणी मिळेल.” दुपारी त्यांनी शेवटच्या खांबावरून केबल आमच्या इमारतीपर्यंत ओढली. तंत्रज्ञाने सीटीच्या खोलीच्या खिडकीबाहेर भिंतीत एक जाड हुक बसवला आणि केबलची आधारतार त्याला घट्ट पिळून बांधली. उरलेले भेंडोळे खिडकीतून आत सोडले. ते मावशींच्या स्टुलावर येऊन पडले.

मावशींनी ते डाव्या हाताने उचलले, वजन केल्यासारखे वरखाली केले. काळ्या आवरणाच्या एका कडेला, कापलेल्या टोकातून, चकचकीत तार डोकावत होती.

“ही तार कसली हो?” त्यांनी तंत्रज्ञाला विचारले.

“पोलाद आहे मावशी. एकदम भक्कम. माड पडला तरी तुटणार नाही.”

“म्हंजे लोखंड.”

“लोखंडच म्हणा.”

मावशींनी भेंडोळे खाली ठेवले आणि हात पदराला पुसला. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तरीही मला जे वाटले ते मे महिन्यातल्या त्या क्षणापेक्षा वेगळे नव्हते. माझ्यासमोर नऊशे मीटर लांबीची पोलादी तार होती. शहराच्या उंच भागातून, माडांच्या वरून, उघड्या आभाळाखालून ती येत होती आणि तिचे टोक मी, माझ्या स्पष्ट मागण्यांनिशी, जिला वाचवायचे होते तिच्या बसण्याच्या जागेपर्यंत आणून ठेवले होते. टेलिफोनची तार निदान केसासारखी बारीक होती.

“काम थांबवा,” मी म्हणाले.

“का हो मॅडम? अर्ध्या तासात दिवा लागतोय.”

“या केबलमध्ये धातू आहे. मी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.”

तंत्रज्ञाने पिशवीतून मेलची छापील प्रत काढली. माझाच मेल, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून तो बरोबर घेऊन फिरत होता. “हे बघा ना. तांबे नसावे. एक ग्रॅम तांबं नाहीये यात, मॅडम. आणि चौथं वाचा. भक्कम, स्वतंत्र आधार. तुम्हीच मागितलाय. आमच्या साहेबांनी तर हा मेल सगळ्यांना दाखवला, म्हणाले, असं लिहिणारं गिऱ्हाईक पाहिजे.”

मी ते वाचले. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

एव्हाना डॉक्टर आले. बाहेर ढग नव्हते, पण ऊन विचित्र पिवळे होते. “काय झालं? थोड्या वेळात एक स्कॅन आहे, तो नव्या जोडणीवरून पाठवू म्हणालो होतो.”

त्या वेळी मला दोन वाटा दिसत होत्या. कंपनीने चुकीची केबल आणली असे म्हणणे सोपे होते. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता आणि तंत्रज्ञाला बोलणी बसली असती. पुण्याच्या अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्र डॉक्टरच देणार होते, हेही माझ्या डोक्यात आले. आले नाही असे म्हणणार नाही. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून पदराशी चाळा करत होत्या.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी तांब्याला मनाई केली, पोलादाचा विचारच केला नाही. वीज पोलादातूनही येते. ही तार या खिडकीपर्यंत आणता येणार नाही.”

डॉक्टरांनी मेलची प्रत घेऊन चौथा आणि सातवा मुद्दा वाचला. मग म्हणाले, “दरपत्रक आपण दोघांनी वाचलं होतं, मॅनेजरबाई.” ते रागावून म्हणाले की समजूत घालायला, हे मला कळले नाही.

तंत्रज्ञाने मात्र कपाळावर हात मारला. “एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं! आधारतार रस्त्यावरच्या शेवटच्या खांबावर संपवू. तिथे तिला जमिनीत अर्थिंग देऊ. खांबावर एक पेटी बसवतो, त्यात काचेचे धागे जोडतो. तिथून तुमच्या भिंतीपर्यंत पस्तीस मीटर, ते बिनधातूच्या केबलनं. आत नुसता धागा आणि सुतासारखा चिवट दोर असतो. मिळते तशी. कुणी मागत नाही म्हणून आणत नाही आम्ही.”

“झावळी?”

“पस्तीस मीटरमध्ये तुमचा एकच माड येतो. तो तुम्ही साफ करून घ्या.”

ज्या दोन मागण्या मला एकमेकींवर कुरघोडी करताना दिसत होत्या, त्या त्याने एका खांबावर वेगळ्या करून टाकल्या. हे मला सुचायला हवे होते. त्याच वेळी मी त्याला हुकातून तार सोडायला लावली. तार सुटून भेंडोळे पुन्हा खांबावर चढेपर्यंत मी खिडकीपासून हलले नाही.

त्या संध्याकाळी मी दुसरा मेल लिहिला. त्याला वीस मिनिटे लागली. “आमच्या पूर्वीच्या मेलमधील सातवा मुद्दा अपुरा होता, तो आमचा दोष आहे. तो पुढीलप्रमाणे वाचावा : शेवटच्या खांबापासून इमारतीपर्यंतच्या केबलमध्ये कोणताही धातू, कोणत्याही कामासाठी, नसावा. खांबावरील आधारतारेला अर्थिंग असावे. सुधारित दरपत्रक पाठवावे.” आठ दिवसांनी बिनधातूची केबल आली. तंत्रज्ञाने टोक सोलून मला दाखवले : मध्ये काचतंतूचा पांढरट दांडा, भोवती पिवळसर धागे. मावशींनीही बोटाने चाचपून पाहिले. चाचणी घेतली : दीडशे मेगाबाइट, अकरा मिनिटे. डॉक्टरांनी पेढे मागवले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

कारण मला आता मीच आखलेल्या सुरक्षिततेची खात्री वाटत नव्हती. एकदा काहीतरी सुटले होते. आणखी काय सुटले असेल? मी कागदावर त्या खोलीत बाहेरून येणाऱ्या वस्तूंची यादी केली. विजेची लाइन होती. म्हणून नियम केला की आभाळ भरताच यूपीएसची पिन भिंतीतून काढायची. संगणक आणि फायबरचे उपकरण बॅटरीवर चालेल, तेवढ्यात प्रतिमा निघून जातील. पिन मीच काढणार, इतर कुणी नाही, हे मी कागदावर लिहून भिंतीवर लावले. मावशींना वाचता येत होते. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, “बरं झालं, माजा एक उद्योग कमी झाला.”

आश्विनातल्या दुसऱ्या आठवड्यात ती दुपार आली. एका निवृत्त शिक्षकांना पक्षाघाताची शंका. स्कॅन झाला तेव्हा चार वाजले होते आणि आभाळ समुद्राकडून काळे होत होते. मी यूपीएसची पिन काढली. प्रतिमा सोडल्या. पहिला गडगडाट झाला आणि माझी मान आपोआप मावशींकडे वळली. त्या दारात होत्या.

“मावशी, तुम्ही ओपीडीत जा.”

“तुमी?”

“मला इथे बसायला हवं.”

“मग मीबी बसतंय.” त्या स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या लग्नात बसावे तशा.

पट्टी तीसवर होती. मला बोलणे भाग होते. गप्प राहिले असते तर मी उठून पळाले असते. म्हणून मी ते बोलले, जे पाच महिने बोलले नव्हते. “मावशी, तेव्हा मी तुम्हाला थांबा म्हणाले नसते तर तुम्हाला लागलं नसतं.”

“म्हायती हाय मला. मी काय बहिरी हाय?”

“मी कुणाला सांगितलं नाही.”

“मीपण नाय सांगितलं. सांगून काय करनार? तुमास्नी काढलं असतं कामावरनं, मग नवी बाय आली असती. तिनं तर मोजलंपण नसतं.” पट्टीकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या, “ह्याकडे बघा. किती झालं?”

“साठ.”

खिडकी उजळली. मी डोळे मिटले. मोजायचे मला सुचलेच नाही. आवाज आला तो छपरावर कुणीतरी जांभ्याचे चिरे ओतावेत तसा. डोळे उघडले तेव्हा उपकरणावरचा हिरवा दिवा लागलेला होता, वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि पट्टी सरकत होती. मावशी होत्या तिथेच बसलेल्या होत्या, ओठ हलत होते. नव्वदपासून शंभरपर्यंतचे ते मिनिट मी कसे काढले, ते मला आठवत नाही. शंभर झाले. पुण्याला पोच मिळाल्याचा संदेश आला. मी मान टेबलावर ठेवली. माझा कुर्ता पाठीला चिकटला होता.

आणि टेलिफोन वाजला.

तोच जुना टेलिफोन, खिडकीखाली, त्याच तारेवरचा. ब्रॉडबँड बंद झाले होते, म्हणून त्या तारेचा विचार मी करणेच सोडून दिले होते. यादीत ती नव्हती. पुण्याचे रेडिऑलॉजिस्ट असणार. अहवाल तातडीचा असला की ते फोन करत. माझा हात सवयीने पुढे गेला आणि रिसीव्हरपासून बोटभर अंतरावर थांबला, कारण मनगट मावशींच्या मुठीत होते. त्यांनी उजव्या हाताने पकडले होते आणि त्या हाताला किती जोर होता, ते माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत दिसत होते.

“उचलू नका,” त्या म्हणाल्या. “वाजूंदे.”

फोन वाजत राहिला. बाहेर पुन्हा उजेड झाला. आम्ही दोघी त्या वाजणाऱ्या यंत्रापासून मागे सरकत भिंतीला टेकलो, मनगट अजून त्यांच्याच हातात. मग फोन आपोआप बंद पडला. पाच मिनिटांनी अहवाल मेलने आला : रक्तस्राव नाही, उपचार सुरू करण्यास हरकत नाही. मी तो बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर वाचला आणि डॉक्टरांना सांगायला धावत गेले. परत आले तेव्हा मावशी टेलिफोनची तार भिंतीतून काढून, नीट गुंडाळून, खिडकीत ठेवत होत्या. पाऊस सुरू झाला होता आणि गडगडाट लांब गेला होता, तेवढे त्यांनी स्वतःच मोजले होते.